साठ अंशांवरून सोडलेला लोलक सूत्रापेक्षा मागे का पडतो?

प्रश्न: एक मीटर लांबीच्या दोऱ्याला लहान, जड गोळा बांधला आणि ६० अंशांवरून सोडला. दहा दोलनांना २१.४ सेकंद लागले. T = 2π√(L/g) या सूत्राने २०.०६ सेकंद यायला हवेत. याच मापनातून g काढला तर तो ८.६२ येतो. मग ऊर्जेवरून समाकल मांडला आणि संगणकावर १०० तुकडे करून बेरीज केली, तर एका दोलनाला २.०९३ सेकंद मिळाले. तेही जुळत नाही. दहावे दोलन होईपर्यंत कोन ५५ अंशांच्या आसपास उतरला होता. चूक प्रयोगात आहे, सूत्रात आहे की माझ्या गणितात? आणि ९० अंशांच्या पुढे नेले तर काय होईल?

उत्तर: तुमचा प्रयोग चांगला झालेला आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेताना जे आकडे दिसतात, त्यांच्याशी तुमचे आकडे सुसंगत आहेत. अडचण अशी की येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. सूत्र लहान कोनासाठीचे आहे आणि तुम्ही ते मोठ्या कोनाला लावले, ही पहिली. संगणकावरचा समाकल बरोबर मांडलेला आहे, पण ज्या रीतीने बेरीज केली ती रीत नेमकी या समाकलासाठी वाईट आहे, ही दुसरी. आणि दहा दोलनांच्या काळात आयाम कमी होत गेल्यामुळे ‘६० अंशांचा आवर्तकाल’ तुम्ही प्रत्यक्षात मोजलेलाच नाही, ही तिसरी. या तिन्ही सुट्या केल्या की तुमचा २१.४ हा आकडा जवळजवळ तंतोतंत मिळतो.

आधी सूत्राकडे पाहू. लोलकाचे गतिसमीकरण θ'' = −(g/L) sin θ असे आहे. येथे sin θ च्या जागी θ लिहिले की साधी आवर्ती गती मिळते आणि T0 = 2π√(L/g) हे सूत्र येते. (पुढे लहान कोनाच्या आवर्तकालाला मी सर्वत्र T0 म्हणेन, कोन रेडियनमध्ये धरेन आणि सुरुवातीचा कोन θ0 लिहीन.) साठ अंश म्हणजे १.०४७ रेडियन आणि त्याची ज्या ०.८६६, म्हणजे टोकाशी असताना लोलकाला मागे खेचणारे बल सूत्राने गृहीत धरलेल्या बलापेक्षा १७ टक्क्यांहून थोडे अधिक कमी असते. बल कमी म्हणून परत येण्यास वेळ जास्त, इथवर सरळ आहे. पण तुमचा आवर्तकाल १७ टक्क्यांनी वाढलेला नाही, ७ टक्क्यांच्या आसपास वाढला आहे, आणि ही तफावत पुष्कळांना गोंधळात टाकते. ‘दहा अंशांना θ आणि sin θ यांत अर्धा टक्का फरक असतो, म्हणून आवर्तकालातही अर्धा टक्का चूक येते’ असे लिहिलेले मी अनेक प्रयोगवह्यांत पाहिले आहे. ते बरोबर नाही.

कारण असे. sin θ चा विस्तार θ − θ³/6 असा सुरू होतो, म्हणजे टोकाशी बलातील सापेक्ष तूट θ0²/6 इतकी असते. परंतु लोलक सदैव टोकाशी नसतो. मध्याजवळून जाताना ही तूट जवळजवळ नाहीशी होते. संपूर्ण दोलनावर योग्य ती सरासरी घेतली, म्हणजे cos⁴ ची सरासरी भागिले cos² ची सरासरी काढली, तर ३/४ हा गुणक मिळतो आणि परिणामी तूट θ0²/8 उरते. त्यापुढे आवर्तकाल हा बलाच्या तीव्रतेच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असल्यामुळे आणखी एकदा निम्मे होते. म्हणून

T ≈ T0 (1 + θ0²/16)

म्हणजे १/६ चे १/१६ होण्यामागे आधी सरासरीचा ३/४ आणि मग वर्गमुळाचा १/२ आहे. यानुसार ५ अंशांना आवर्तकालातील चूक ०.०५ टक्के, १० अंशांना ०.१९ टक्के, २० अंशांना ०.७६ टक्के आणि ३० अंशांना सुमारे १.७ टक्के येते. साठ अंशांना हेच पद ६.९ टक्के देते. पुढचे पद 11θ0⁴/3072 आहे. ते मिळवले की ७.२८ टक्के होतात, तर खरे उत्तर ७.३२ टक्के आहे. म्हणजे साठ अंशांपर्यंत दोनच पदांनी काम भागते, आणि तेवढ्यासाठी समाकलाकडे जाण्याची गरजही पडत नाही.

मग ‘लहान कोन’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे एकच उत्तर नाही. ते तुमच्या मापनाच्या अचूकतेवर अवलंबून आहे. हाताने स्टॉपवॉच चालवून वीस सेकंदांत ०.१ सेकंद चूक होत असेल, तर मापनच अर्ध्या टक्क्याने सैल आहे. अशा वेळी दहा अंशांची ०.१९ टक्क्यांची चूक दिसणारही नाही आणि पंधरा अंशांवरची ०.४ टक्क्यांची चूकही जेमतेम चालून जाईल. उलट लोलकाच्या घड्याळात अवघे दोन अंशही लहान नसतात. दोन अंशांना θ0²/16 हे सुमारे ०.००००७६ येते, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की ६.६ सेकंद होतात. आयाम स्थिर असेल तर हा फरक लोलकाची लांबी किंचित कमी करून एकदाच दुरुस्त करता येतो, म्हणून खरा त्रास आयाम बदलल्याने होतो. दोन अंशांचा आयाम घसरून १.८ अंश झाला, तर घड्याळ दिवसाला सुमारे सव्वा सेकंद पुढे जाऊ लागते. लोलकाच्या घड्याळाचा जनक ह्यूगेन्स याला ही अडचण ठाऊक होती. वर्तुळाच्या कमानीऐवजी चक्रजाच्या वक्रावरून गोळा फिरला तर आवर्तकाल आयामावर मुळीच अवलंबून राहत नाही, हे त्याने १६७३ मध्ये प्रसिद्ध केले.

आता समाकलाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत रोचक भाग तोच आहे. लोलक टोकाशी क्षणभर थांबतो, तेथे गतिज ऊर्जा शून्य असते. त्या कोनापासून खाली येताना जितकी स्थितिज ऊर्जा कमी होते तितकी गतिज ऊर्जा वाढते, म्हणून

(dθ/dt)² = (2g/L)(cos θ − cos θ0)

यातून dt वेगळा काढून शून्यापासून θ0 पर्यंतचा काळ मोजला की चतुर्थांश दोलन मिळते, आणि त्याची चौपट म्हणजे

T = 4 √(L/2g) ∫ dθ / √(cos θ − cos θ0), θ = 0 ते θ0

तुम्ही बहुधा हेच मांडले आहे, आणि ते पूर्णतः बरोबर आहे. यात लहान कोनाचे कोणतेही गृहीतक नाही. अडचण एवढीच की θ ची किंमत θ0 झाली की छेद शून्य होतो आणि समाकलातील फल अनंताकडे जाते. याचा अर्थ समाकल अनंत आहे असा नव्हे. टोकापासूनचे अंतर x = θ0 − θ मानले, तर टोकाजवळ छेद √(x sin θ0) सारखा वागतो, आणि 1/√x चे शून्यापासूनचे क्षेत्रफळ सान्त असते. भौतिक अर्थाने पाहिले तर लोलक टोकाशी मंद होत जातो, पण तेथे अडकून राहत नाही.

तरीही संगणकाला ही जागा जड जाते, आणि ती किती जड जाते हे तुमच्याच आकड्यांवरून दाखवता येते. २.०९३ हा आकडा प्रत्येक तुकड्याच्या मध्यबिंदूवर किंमत घेऊन केलेल्या बेरजेचा आहे असे मी धरतो, कारण त्या रीतीने १०० तुकड्यांना नेमके तेवढेच येते. (तुकड्याच्या टोकांवर किंमती घेतल्या असत्या तर शून्याने भागण्याची चूकच दिसली असती.) आता फक्त शेवटचा तुकडा पाहा. त्याची रुंदी h असेल, तर 1/√x चे तेथील खरे क्षेत्रफळ 2√h आहे. मध्यबिंदूची किंमत घेऊन मिळणारे क्षेत्रफळ मात्र h/√(h/2), म्हणजे 1.414√h इतकेच आहे. एका तुकड्यातच २९ टक्क्यांची तूट पडली. तो तुकडा क्षुल्लक असता तर बिघडले नसते. पण लोलक टोकाशी सर्वांत मंद असल्यामुळे कोनाच्या शेवटच्या शंभराव्या भागात तो चतुर्थांश दोलनाचा सुमारे नऊ टक्के वेळ घालवतो. नऊ टक्क्यांचे २९ टक्के म्हणजे एकूण उत्तरात २.७ टक्क्यांची तूट झाली. बाकीच्या ९९ तुकड्यांची मिळून आणखी ०.१ टक्का धरली की २.८ टक्के होतात, आणि खऱ्या २.१५३ सेकंदांतून तेवढे वजा केले की तुमचे २.०९३ मिळतात.

तुकडे वाढवून हे सुटेल का? सुटेल, पण फार सावकाश. तूट √h च्या प्रमाणात आहे, म्हणून ती दहापट कमी करण्यासाठी तुकडे शंभरपट करावे लागतात. दहा हजार तुकडे केले तरी उत्तर २.१४७ येईल, म्हणजे अजून ०.२८ टक्के कमीच. ही गोष्ट ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तुकडे चौपट करून पाहा. चूक जर निम्मीच होत असेल, तर समाकलाच्या एखाद्या टोकाशी वर्गमुळाची अडचण आहे असे समजावे. सुरळीत फलासाठी मध्यबिंदूच्या रीतीत तुकडे चौपट केले की चूक सोळापट कमी व्हायला हवी.

उपाय म्हणजे संगणकाला अधिक राबवण्याऐवजी चल बदलणे. cos θ = 1 − 2 sin²(θ/2) हे सूत्र वापरून k = sin(θ0/2) असे लिहा आणि sin(θ/2) = k sin φ असा नवा कोन φ घ्या. लोलक तळाशी असतो तेव्हा φ शून्य असतो, टोकाशी पोचतो तेव्हा φ ९० अंश होतो. छेदातील cos θ − cos θ0 चे 2k² cos²φ होते, आणि अंशातील dθ चे 2k cos φ dφ / √(1 − k² sin²φ) होते. जो cos φ टोकाशी शून्य होऊन घोटाळा करत होता, तो अंश आणि छेद या दोहोंत येऊन निघून जातो. उरते ते असे:

T = 4 √(L/g) ∫ dφ / √(1 − k² sin²φ), φ = 0 ते π/2

याला पहिल्या प्रकारचा पूर्ण लंबवर्तुळी समाकल म्हणतात. नावाने दबून जाण्याचे कारण नाही, कारण याचा अर्थ फार साधा आहे. T0 ने भागले की दिसते, T/T0 म्हणजे 1/√(1 − k² sin²φ) या फलाची शून्य ते नव्वद अंशांतील सरासरी, दुसरे काही नाही. साठ अंशांच्या लोलकासाठी k = ०.५ आहे, म्हणून हे फल १ पासून सुरू होऊन फार तर १.१५५ पर्यंत चढते. अनंत कोठेच नाही.

या सरासरीसाठी किती बिंदू लागतील? दोन पुरतात. φ = २२.५ अंशांवर फलाची किंमत १.०१८८२ आणि ६७.५ अंशांवर १.१२७५१ येते, दोहोंची सरासरी १.०७३१७. खरी किंमत १.०७३१८ आहे. जेथे शंभर तुकड्यांनी २.८ टक्क्यांची चूक केली, तेथे दोन बिंदूंनी लाखात दीड भाग इतकीच चूक केली, आणि तीही कागदावर करता येण्याजोग्या गणिताने. हे नुसते नशीब नव्हे. नवे फल φ मध्ये आवर्ती आहे आणि दोन्ही टोकांशी सममित आहे, आणि अशा फलाची समान अंतरावरच्या बिंदूंवरून काढलेली सरासरी विलक्षण वेगाने खऱ्या किमतीला पोचते. कोन मोठा झाला की बिंदू वाढवावे लागतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. १५० अंशांना दोन बिंदू ६.६ टक्के कमी उत्तर देतात, चार बिंदू ०.६ टक्के. पण येथे तुकडे दुप्पट करताच चूक दहाव्या भागावर आली, हे मूळ समाकलाशी ताडून पाहा.

मी स्वतः नित्याच्या कामासाठी बिंदूही मोजत बसत नाही. गाउसची अंकगणिती-भूमितीय मध्याची रीत वापरतो. १ आणि cos(θ0/2) या दोन संख्या घ्या. त्यांचा अंकगणिती मध्य आणि भूमितीय मध्य काढा, त्या दोन नव्या संख्यांवर पुन्हा हेच करा. दोन्ही संख्या फार लवकर एकाच किमतीला येऊन मिळतात, आणि T0 ला त्या किमतीने भागले की T मिळतो. साठ अंशांसाठी १ आणि ०.८६६०२५ पासून सुरुवात केली, तर पहिल्या फेरीत ०.९३३०१३ आणि ०.९३०६०५, दुसऱ्या फेरीत ०.९३१८०९ आणि ०.९३१८०८. येथेच थांबता येते. १ भागिले ०.९३१८०८ म्हणजे १.०७३१८. साध्या कॅल्क्युलेटरवर हे एका मिनिटात होते. संगणकावर करायचे तर एवढे पुरे आहे:

```python
from math import cos, radians, sqrt

def ratio(deg):
    a, b = 1.0, cos(radians(deg) / 2)
    for _ in range(6):
        a, b = (a + b) / 2, sqrt(a * b)
    return 1 / a
```

आता तुमच्या २१.४ कडे वळू. g = ९.८१ धरला तर T0 = २.००६१ सेकंद, आणि साठ अंशांवर T = २.१५२९. दहा दोलनांना २१.५३ सेकंद व्हायला हवेत, तुम्हाला ०.१३ सेकंद कमी मिळाले. हा फरक हाताच्या चुकीइतकाच आहे असे म्हणून सोडून देता आले असते, पण तुम्ही ५५ अंशांची नोंद ठेवलीत हे फार बरे केलेत. आयाम ६० वरून ५५ वर येताना T/T0 चे गुणोत्तर १.०७३२ वरून १.०६०८ वर येते, मध्यावर ५७.५ अंशांना ते १.०६६८ असते. तिन्हींची योग्य सरासरी १.०६६९ येते, आणि २०.०६ ला तिने गुणले की २१.४०. म्हणजे तुम्ही मोजले तेच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘हवेच्या रोधामुळे वेळ कमी लागला’ असे वाक्य यातून सहज तयार होते आणि ते चुकीच्या अर्थाने घेतले जाते. रोधाचा आवर्तकालावर जो थेट परिणाम असतो, तो आवर्तकाल किंचित वाढवणारा असतो, आणि दहा दोलनांत ६० चे ५५ होण्याइतक्या मंद ऱ्हासासाठी तो दशलक्षात एक भाग इतका नगण्य आहे. तुमच्या मापनात दिसणारा परिणाम अप्रत्यक्ष आहे: रोधाने आयाम घटतो आणि घटलेल्या आयामाचा आवर्तकाल लहान असतो. मोठ्या कोनांवर प्रयोग करताना म्हणूनच पन्नास दोलने मोजण्याची सवय सोडावी लागते. लहान कोनांना जास्त दोलने मोजली की वेळेतील चूक वाटली जाते. मोठ्या कोनांना त्या काळात आयामच बदलतो आणि नेमके काय मोजले हे सांगता येत नाही. पाच ते दहा दोलने घ्यावीत, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन लिहावेत आणि तेच मोजमाप अनेक वेळा करावे. घड्याळ सुरू करताना गोळा टोकाशी असण्याऐवजी तळातून जात असताना करावे. टोकाशी तो इतका मंद असतो की ‘आता थांबला’ हा क्षण डोळ्याला निश्चित सांगता येत नाही.

८.६२ चा उलगडाही यातच आहे. g = 4π²L/T² मध्ये T वर्गात येतो, म्हणून आवर्तकालातील सुमारे ६.७ टक्क्यांची वाढ g मध्ये १२ टक्क्यांची घट होऊन दिसते. मोजलेला २.१४० हा आवर्तकाल १.०६६९ ने भागून २.००५८ घेतला, तर g = ९.८१ येतो. इतका नेमका जुळला म्हणून फार हुरळून जाऊ नये. दहा दोलनांत ०.१ सेकंदाची चूक g मध्ये जवळपास ०.०९ इतकी अनिश्चितता आणते, आणि कोन मोजताना दोन अंशांची गफलत झाली तरी आवर्तकालात अर्धा टक्का फरक पडतो. आकडा पटण्याजोगा आहे, एवढेच या एका मापनावरून म्हणता येईल.

अधिक भरवसा हवा असेल तर मी पुढील गोष्ट सुचवेन. १० ते ३० अंशांच्या दरम्यान चार-पाच कोन घ्या आणि प्रत्येकाचा आवर्तकाल θ0² च्या समोर आलेखावर मांडा, कोन अर्थातच रेडियनमध्ये. या पट्ट्यात बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. रेषा जेथे उभ्या अक्षाला छेदते ती किंमत म्हणजे T0, आणि रेषेचा चढ भागिले T0 हे १/१६, म्हणजे ०.०६२५ च्या जवळ यायला हवे. या आलेखाचा फायदा असा की चुका आपापल्या जागी वेगळ्या पडतात. लांबी मोजण्यात चूक असेल, आणि बहुतेकदा ती गोळ्याच्या मध्याऐवजी त्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजल्यामुळे होते, तर सगळी रेषा सरकते पण चढ आणि छेदाचे गुणोत्तर बदलत नाही. कोन मोजण्यात प्रमाणबद्ध चूक असेल, तर छेद बरोबर येतो आणि गुणोत्तर बिघडते. एक मीटरच्या लोलकात गोळ्याची दीड सेंटिमीटरची त्रिज्या धरायची राहिली, तर आवर्तकालात पाऊण टक्क्याची चूक होते. ती वीस अंशांच्या आयामामुळे येणाऱ्या चुकीएवढीच आहे, म्हणून एकाच कोनावर मोजणाऱ्याला या दोन चुका ओळखू येत नाहीत.

शेवटी ९० अंशांच्या पुढचे. तेथे दोरा चालणार नाही. ९० अंशांच्या वरून स्थिर सोडलेल्या गोळ्याला दोरा ताणून धरण्यासाठी लागणारे बल ऋण येते, म्हणजे दोऱ्याने ढकलायला हवे, आणि दोरा ढकलू शकत नाही. गोळा सुरुवातीला सरळ खाली पडतो, मग दोरा झटक्याने ताणला जातो, त्यात ऊर्जा नष्ट होते, आणि वरचे कोणतेही समीकरण लागू राहत नाही. त्यामुळे हलकी ताठ दांडी घ्यावी लागते. दांडीचे वस्तुमान नगण्य नसेल तर L च्या जागी I/(m·d) ही तुल्य लांबी घालावी. येथे I हे आसाभोवतीचे जडत्व परिबल, m एकूण वस्तुमान आणि d हे आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. T/T0 हे गुणोत्तर मात्र तेच राहते, कारण ते केवळ θ0 वर अवलंबून आहे.

त्या गुणोत्तराच्या किंमती अशा येतात: ९० अंशांना १.१८०, १२० ला १.३७३, १५० ला १.७६२, १७० ला २.४३९ आणि १७९ ला ३.९०१. θ0 च्या वर्गांची मालिका येथे निरुपयोगी ठरते. १५० अंशांना तिची पहिली दोन पदे मिळून १.५९७ च देतात. शिखराजवळ वेगळे सूत्र वापरावे:

T ≈ (2/π) T0 ln(4 / cos(θ0/2))

१७९ अंशांना cos(89.5°) = ०.००८७२७, म्हणून लॉगरिथम ६.१२८ आणि गुणोत्तर ३.९०१, म्हणजे अचूक उत्तराशी तीन दशांश स्थळांपर्यंत जुळणारे. याच सूत्रातून दिसते की आवर्तकाल अनंताकडे जातो, पण अतिशय सावकाश. शिखरापासूनचे अंतर दहापट कमी केले, म्हणजे १७९ ऐवजी १७९.९ अंशांवरून सोडले, की दर वेळी आवर्तकालात 1.466·T0 इतकीच भर पडते. एक मीटरच्या तुल्य लांबीसाठी ही भर २.९४ सेकंद. प्रत्यक्ष उपकरणात तेवढेही पाहायला मिळेलच असे नाही, कारण शिखराजवळ गुरुत्वाचा परिवलक अगदी क्षीण होतो आणि आसातील घर्षण त्याला पुरे पडते. दांडी सोडल्यावर जागची हललीच नाही, किंवा दोन सलग मापनांत आवर्तकाल एक-दोन सेकंदांनी इकडे-तिकडे झाला, तर त्या कोनावर तुम्ही लोलक नव्हे, आसाचे घर्षण मोजत आहात असे समजावे. अशा वेळी १६० अंशांच्या आत परत यावे. तेथे गुणोत्तर २.०१ असते, म्हणजे आवर्तकाल लहान दोलनांच्या दुपटीएवढा होतो, आणि तो साध्या स्टॉपवॉचनेही निःसंदिग्धपणे दाखवता येतो.